टोमॅटो महागला: रेट वाढवायचा की थांबायचं?

जुलै 2023 आठवतोय ना, दादरच्या मंडईत टोमॅटोचा भाव विचारायलाही भीती वाटायची, महागाई 7.44 टक्क्यांवर गेली आणि रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजदराने बँकांना पैसे देते तो, 6.5 वर होता.

तेव्हा हा रेट वाढवला असता तर? फ्लोटिंग होमलोनवाल्याचा हप्ता वाढला असता, पण भाजीवाली मावशी सावकाराकडून रोजच्या हप्त्यावर पैसे उचलते, तिला रेपोशी काय घेणंदेणं, आणि पावसाने गेलेलं पीक व्याजदराने थोडंच परत येतं! म्हणजे मार बसणार ज्याने भाव वाढवलाच नाही त्याला.

रिझर्व्ह बँक थांबली, रेपो तसाच ठेवला. नवीन पीक आलं आणि ऑक्टोबरपर्यंत महागाई 4.87 वर उतरली.

पण थांबणं फुकट नसतं हां. महागाई मोजायच्या तेव्हाच्या इंडेक्समध्ये खाण्यापिण्याचं वजन जवळपास 46 टक्के, त्यामुळे टोमॅटोनंतर कांदा, मग डाळ असं चालूच राहिलं की लोक पगारवाढ मागतात, वडापाववाला भाव वाढवतो, आणि तो एकदा वाढवला की परत कमी करत नाही. म्हणून मी तरी खाणं आणि इंधन वगळून उरलेली महागाई बघतो, ती तेव्हा उतरत होती म्हणून थांबणं पटलं, चढत असती तर रेट वाढवायलाच हवा होता.