गुगलवर पहिला नंबर दाखवून १८,००० नेले

मागच्या ऑक्टोबरात एकाचा फोन आला. "तुमची वेबसाइट गुगलवर सापडतच नाही साहेब. सहा महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, लेखी गॅरंटी." देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. आंबा, कोकम आगळ आणि आंबापोळी आम्ही घरपोच पाठवतो. साइट भाच्याने करून दिलेली, आणि ती सापडत नव्हती हे खरंच होतं. महिना ३,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १८,००० आगाऊ दिले.

पहिला नंबर कुणीच गॅरंटीने देऊ शकत नाही, असं गुगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. तिथे बघायचं मला तेव्हा सुचलं नाही.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. त्यात स्क्रीनशॉट: 'देवगड हापूस आंबा थेट कोकणातील बागेतून घरपोच', क्रमांक १. मी कौतुकाने घरात दाखवला. बायको म्हणाली, "पण असं लांबलचक शोधतं कोण?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

मार्चमध्ये हंगाम सुरू झाला. फोन आले ते जुन्याच गिऱ्हाइकांचे. मग डोंबिवलीच्या बहिणीने तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या कोकम आगळाची लिंक टाकली. लिंकखाली 'देवगड हापूस, हापूस आंबा, ओरिजिनल हापूस…' अशी लांब ओळ उमटली. एकीने लिहिलं, "ताई, चुकीची लिंक आलीय का? आंबा दिसतोय." बहिणीने मला ते पाठवलं आणि तिथून सगळं उलगडत गेलं.

कुडाळला वेबसाइटचं काम करणारी एक मुलगी आहे, ओळखीतली. तिला बघायला सांगितलं. दोन दिवसांनी तिची मेल आली, ती खाली देतोय. आमच्या नावाच्या जागी फक्त 'आमची बाग' घातलंय.

नमस्कार काका,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, जास्त शब्द म्हणजे जास्त गिऱ्हाईक, मग काढायचे कशाला? म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या साइटवर १४ पानं आहेत आणि चौदाही पानांना हे एकच टायटल चिकटवलंय:

```html
<title>देवगड हापूस | हापूस आंबा | ओरिजिनल हापूस | स्वस्त हापूस | रत्नागिरी हापूस | हापूस पुणे | हापूस मुंबई | आमची बाग</title>
```

गुगलच्या यादीत ठळक दिसते आणि लोक जिच्यावर बोट ठेवतात, ती ही ओळ. टायटल किती अक्षरांचं असावं याला गुगलची मर्यादा नाही, पण स्क्रीनवर मावेल तेवढंच दिसतं. माझ्या मोबाइलवर तुमची ओळ 'स्वस्त हापूस'च्या पुढे तुटते. तुमचं नाव शेवटी आहे, ते कुणाला दिसतच नाही. दिसतो तो 'स्वस्त' हा शब्द, आणि तुमचा दर तर स्वस्त नाही.

दुसरं असं की, गुगलला टायटल पटलं नाही तर ते बाजूला ठेवून पानावरचाच दुसरा मजकूर तिथे लावतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली, तेव्हा कारणंही सांगितली होती. शब्द कोंबलेली टायटलं आणि सगळ्या पानांवर एकच असलेली टायटलं ही त्यातलीच. तुमच्या ऑर्डरच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'स्वागत आहे' लिहिलंय. त्यामुळे पेटीचा दर शोधणाऱ्याला यादीत दिसतं 'स्वागत आहे'. कशाला उघडेल तो?

आगळाचं तर नुकसानच झालंय. ज्याला आगळ हवंय त्याला आंबा दिसतो, आणि त्या पानाच्या टायटलमध्ये 'कोकम' हा शब्दच नाही. आणि रत्नागिरी हापूस तुम्ही विकत नाही, काका. देवगडच्या बागायतदाराने ते लिहिणं बरं दिसत नाही.

मी असं बदलायचं म्हणते. मुख्य पान:

```html
<title>देवगड हापूस थेट बागेतून घरपोच | आमची बाग</title>
```

ऑर्डरचं पान. इथे 'स्वागत आहे' काढून मोठा मथळाही असाच करू:

```html
<title>हापूस ५ डझन पेटी: दर आणि ऑर्डर | आमची बाग</title>
```

आगळाचं पान:

```html
<title>कोकम आगळ, साखर न घातलेलं, १ लिटर | आमची बाग</title>
```

'पुणे' हा शब्द टाकून देत नाही. पुण्याला गाडी कुठल्या वारी पोचते, पेटी कुठे मिळते, हे तुमच्या डिलिव्हरीच्या पानावर आहेच. तो शब्द तिथे शोभतो:

```html
<title>पुण्यात हापूस पेटी: गाडीचे वार आणि ठिकाणं | आमची बाग</title>
```

याशिवाय प्रत्येक पानाच्या कोडमध्ये 'मेटा कीवर्ड' म्हणून शंभरेक शब्द भरलेत. त्याचे वेगळे पैसे घेतले असतील तर ते पाण्यात गेले. रँकिंगसाठी आम्ही तो टॅग वापरत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

टायटल बदलल्यावर नंबर वर येईलच असं मी म्हणणार नाही. गुगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस जातील, कधी काही आठवडेही. एखाद्या पानाला ते तरीही स्वतःचंच टायटल लावेल. पण ज्याला जे हवं ते यादीत नीट वाचता तरी येईल.

मेल इथे संपली. नंतर तिने सर्च कन्सोल उघडायला सांगितलं. आपलं पान कुठल्या शब्दांवर किती वेळा दिसलं आणि कितीजण आत आले, हे गुगल तिथे फुकट दाखवतं. आमच्या साइटचा मालक म्हणून तिथे त्या माणसाचं एकट्याचं खातं होतं, माझं नव्हतंच. नशीब, डोमेनचा पासवर्ड भाच्याकडे होता. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक TXT ओळ टाकून आम्ही मालकी आमच्या खात्यावर घेतली आणि त्याला काढलं. ते खातं कुणाच्या नावावर आहे हे पैसे देण्याआधीच विचारायला हवं होतं.

सहा महिन्यांची यादी बघितली. बहुतेक सगळे शोध आमच्या बागेच्या नावाने आलेले, म्हणजे आधीपासून ओळखणाऱ्यांचे. 'देवगड हापूस'वर आम्ही पाचव्या-सहाव्या पानावर कुठेतरी. आणि स्क्रीनशॉटमधलं पहिल्या नंबरचं वाक्य यादीत कुठेच नाही. फारच थोड्यांनी टाइप केलेले शब्द ती यादी गाळते, पण मग त्या वाक्याला तेवढेच लोक होते असाच अर्थ होतो. जे वाक्य दुसरं कुणी वापरत नाही त्यावर पहिला नंबर येणं म्हणजे एकट्याने धावून शर्यत जिंकणं. कुणी रिपोर्ट दाखवलाच, तर त्या शब्दांना महिन्यात किती क्लिक आले ते सर्च कन्सोलमध्ये उघडून दाखव म्हणा. स्क्रीनशॉट नको.

मी त्याला फोन केला. म्हणाला, "गुगलने अल्गोरिदम बदललाय साहेब, आणखी तीन महिन्यांचं पॅकेज घ्यावं लागेल." मी लेखी गॅरंटीचा कागद काढला. त्यावर 'निवडक कीवर्डसाठी' असं बारीक अक्षरात होतं, आणि कीवर्ड निवडायचा हक्क त्याचा. पैसे काही मिळाले नाहीत.

टायटलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बदलली. १४ पैकी ११ पानं आता यादीत आम्ही लिहिलेल्या नावाने दिसतात. बहिणीने आगळाची लिंक पुन्हा टाकली, तेव्हा त्याच ग्रुपमधून सहा बाटल्यांची ऑर्डर आली.