पेटी रुंद करताना सा हरवतो तेव्हा: उशीर द्यायच्या दोन रीती

भजनाच्या रेकॉर्डिंगात पेटीला एकच माइक असला की ती मध्यभागी येऊन बसते. बुवाही तिथंच, पखवाजही तिथंच. मग वाटतं, पेटी जरा दोन्ही बाजूंना पसरवू या. त्यासाठी दोन रीती चालतात आणि दोन्हींत काही मिलिसेकंदांचा उशीर दिलेली प्रतच वापरतात. हेडफोनवर दोन्ही छान वाटतात. फरक कळतो तो मंडपात.

गेल्या गणपतीआधी कुडाळजवळच्या एका वाडीतल्या मंडळाचं भजन मी मिक्स केलं. पेटीचा ट्रॅक दुहेरी केला, मूळ प्रत पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे, आणि उजवीला ९ मिलिसेकंद उशीर दिला. हेडफोनवर पेटी खोलीभर झाली. मंडपात अँप्लिफायरवर लावलं, तर बुवा पहिल्याच आलापाला थांबून म्हणाले, "अरे, माझो सा खंय गेलो?" सा होता, पण पोकळ, जणू वरच्या सप्तकातून आल्यासारखा. बाकीचे स्वर बरे होते.

झालं होतं ते असं. मंडपातल्या मिक्सरवर डावं आणि उजवं एकत्र होऊन एकाच कर्ण्यांच्या ओळीला जात होतं. एकच आवाज आणि त्याची ९ मिलिसेकंद मागून आलेली प्रत यांची बेरीज झाली, की ज्या कंपनाला तेवढ्या वेळात पूर्ण फेऱ्यांवर अर्धी फेरी जास्त होते, तिथं शिखरावर खळगा येतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. हे खड्डे कुठे पडतात ते सरळ सूत्रात मांडता येतं, उशीर सेकंदांत धरून:

```
f = (2k + 1) / (2 * t),  k = 0, 1, 2, ...
```

९ मिलिसेकंदांसाठी खड्डे ५६, १६७, २७८, ३८९ हर्ट्झ असे पडत जातात, दर १११ हर्ट्झवर एक. आलेख काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो, म्हणून याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे मध्य सप्तकातला सा सुमारे २७७ हर्ट्झ. तो नेमका दातात सापडला आणि बाकी जिथं आवाज वाढतो त्याच्या तुलनेत सुमारे ३५ डेसिबलने खाली गेला. त्याची तिप्पट, ८३२ हर्ट्झ, तीही खड्ड्यात. दुप्पट मात्र, ५५४ हर्ट्झ, दोन दातांच्या मधोमध शाबूत राहते. सा वरच्या सप्तकातून आल्यासारखा वाटला तो यामुळे. त्याच वेळी ग, म्हणजे ३४९ हर्ट्झ, एका डेसिबलनेही कमी झाला नव्हता.

उशीर बदलून सुटका होत नाही. १० मिलिसेकंद केलं तर सा परत येतो, पण खड्डे २५० आणि ३५० वर सरकतात आणि आता ग जातो. धरलेल्या स्वराला कोणताही उशीर निर्धोक नाही, दात फक्त दुसऱ्या स्वरावर सरकतात. झांजेच्या आवाजात मात्र सगळी कंपनं विखुरलेली असतात, तिथं दात इतके दाट पडतात की कान त्यांना फारशी दाद देत नाही. पखवाजावर ही रीत वापरू नका. उशीर २५-३० मिलिसेकंदांकडे नेला की थाप दोनदा पडल्यासारखी वाटते.

दुसरी एक उणीव स्टीरिओतच आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवलेला नियम इथं लागू होतो: जी बाजू आधी पोहोचते, कान आवाज तिथूनच आला असं मानतो. म्हणून पेटी रुंद होण्याबरोबर डावीकडे झुकते. उशिराची बाजू दोन-चार डेसिबल वाढवून झुकाव थोडा सावरता येतो. उलट, तीच बाजू उतरवली तर मोनोतले खड्डे उथळ होतात, म्हणजे ६ डेसिबल कमी केल्यास शिखर आणि खड्डा यांत साडेनऊ डेसिबलचाच फरक उरतो. पण झुकाव वाढतो आणि रुंदी जाते. एक सावरायला गेलं की दुसरं बिघडतं.

दुसरी रीत या बेरजेचाच विचार करून बांधलेली आहे. डॅनिश रेडिओवरचे होल्गर लाउरिड्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. मूळ पेटी मध्यभागीच राहू द्या. उशिराची प्रत डावीकडे जशीच्या तशी मिसळा, उजवीकडे तिची फेज उलटून मिसळा. डावं आणि उजवं एकत्र झालं की प्रत स्वतःलाच पूर्ण खाऊन टाकते आणि उरते ती मूळ, स्वच्छ पेटी. त्याच ट्रॅकवर १२ मिलिसेकंदांच्या प्रतीने असं करून मोनो बटण दाबलं, तेव्हा सा जसाच्या तसा होता. रुंदी तेवढी गेली, आणि मोनोत ती जाणारच. मी प्रत मूळ आवाजापेक्षा ६ डेसिबल खाली ठेवतो आणि २०० हर्ट्झखालचं तिच्यातून काढतो, म्हणजे खर्ज मध्यभागी पक्का राहतो. प्रत जास्त जोरात ठेवली तर पेटी डोक्याभोवती तरंगते, जागा कळत नाही, आणि पेटीच्या बाबतीत मला ते आवडत नाही.

या रीतीचाही एक धोका आहे, आणि कोकणातल्या मंडपांत तो खरा ठरतो. दात गेलेले नसतात. डाव्या बाजूला एक फणी असते, उजव्या बाजूला तिच्या उलट, आणि दोन्ही मिळून सरळ होतात. मोबाइलवरून वायर घेताना कुणी फक्त डावा चॅनल अँप्लिफायरला जोडला, तर ती फणी उघडी पडते. पहिल्या रीतीत मात्र डावा चॅनल म्हणजे निव्वळ मूळ पेटी, एकदम स्वच्छ. म्हणजे बेरीज होत असेल तर दुसरी रीत तारते, एकच चॅनल जात असेल तर पहिली. दुसऱ्या रीतीत प्रत ६ डेसिबल खाली असल्याने एकच चॅनल लागला तरी चढउतार साडेनऊ डेसिबलच्या आत राहतो. पहिल्या रीतीत बेरीज झाली की स्वरच गिळला जातो. मला हा फरक निर्णायक वाटतो.

वादक हाताशी असेल तर दोन्ही सोडा आणि पेटी पुन्हा एकदा वाजवून घ्या. दुसऱ्या वाजवण्यात वेळ आणि भात्याचा दाब सतत थोडा वेगळा असतो, त्यामुळे कायमचा खड्डा कुठेच पडत नाही.

तपासताना मास्टरवर मोनो करा आणि लांब धरलेला सा, ग, प, वरचा सा एकेक ऐका. चाल ऐकून काही कळत नाही, कारण स्वर भराभर बदलतात. डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा कोरिलेशन मीटर लावला असेल तर पहिल्या रीतीत तो सलग गाण्यात शून्याच्या आसपास डोलत राहतो आणि सगळं ठीक वाटतं. अडकलेला स्वर धरला की काटा उणे बाजूला जातो. बुवांच्या आलापावर माझ्याकडे तो तिथंच जाऊन थांबला होता.

त्या भजनाची मंडपासाठीची फाइल मी दुसऱ्या रीतीने काढून दिली, आणि साउंडवाल्याला दोन्ही चॅनल मिक्सरवर घ्यायला सांगितलं.