लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना: एचडीएमआय डबी, यूएसबी कॅप्चर की डीव्ही कॅमेरा?

उदाहरण म्हणून तीन तासांची लग्नाची कॅसेट घेऊ, लेबलवर E-180 छापलेली. भारतातल्या कॅसेटा पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम. पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांनी बनते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. जुना टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवायचा. संगणक दोन्ही एकत्र विणून दाखवतो, त्यामुळे हललेल्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या कॅसेटमधला बिघाड नाहीत. सेकंदाला 50 क्षण टिपल्याचा तो पुरावा आहे, आणि ते 50 क्षण जसेच्या तसे संगणकात पोचवणारं यंत्र आपल्याला हवं आहे.

एव्ही-टू-एचडीएमआय डबी आणि पुढे एचडीएमआय कॅप्चर

ही जोडी सहज मिळते आणि लगेच चालते, म्हणून बरेच जण तीच घेतात. तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. डबी आतल्या आत रेघा घाईघाईने मिसळते, चित्र 720 किंवा 1080 ओळींपर्यंत ताणते आणि बहुतेक वेळा 4:3 चित्र पसरवून 16:9 करते. बटण 60 हर्ट्झवर राहिलं, तर 50 चे 60 करताना चाल अडखळते. हे ओळखायला मंगलाष्टकांनंतर अक्षता पडतानाचा क्षण थांबवून मोठा करून बघा. दात एकेका ओळीचे, धारदार असतील तर फील्ड शाबूत आहेत. दात जाड, पुसट आणि असमान असतील तर ते मिसळून मग ताणले गेले आहेत. ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाहीत. कॅसेट पुन्हा लावावी लागते.

थेट यूएसबी कॅप्चर

हे यंत्र पाल चित्र 720×576 मध्ये, फील्ड न मोडता देतं. आय-ओ डेटाचं GV-USB2 आणि हॉपॉगचं USB-Live2 ही यातली भरवशाची नावं. ‘ईझीकॅप’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त डोंगलमध्ये कोणती चिप निघेल याचा नेम नसतो. काही डोंगल उजळ भाग कापतात: नवरदेवाच्या धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. म्हणून आधी धोतराचंच दृश्य लावून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट खाली आणा. नंतर फाइल कितीही काळवंडली तरी चुण्या परत येत नाहीत. ड्रायव्हरमध्ये डीइंटरलेसचा, म्हणजे रेघा काढण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअलडब २ आणि हफवाययूव्हीसारखा लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावणारा कोडेक वापरा. तासाला साधारण 30 जीबी, म्हणजे या कॅसेटला 90 ते 100 जीबी जागा लागेल. खिडकीत ‘Frames dropped’ आणि ‘Frames inserted’ हे आकडे बघत राहा. तीन तासांत 2,70,000 फ्रेम होतात. त्यातल्या 25 जरी गळून भरपाई झाली नाही, तरी शेवटी आवाज आणि ओठ एका सेकंदाने सुटतात.

फ्रेम गळण्याचं मूळ सहसा संगणकात नसून व्हीसीआरच्या डगमगत्या सिग्नलमध्ये असतं. मांडवाचे खांब सापासारखे वळवळत असतील, तर ओळींची वेळ चुकते आहे असं समजा. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा: व्हीसीआरमधून त्याच्या लाइन-इनमध्ये, त्याच्या आउटपुटमधून कॅप्चर यंत्रात. त्यात डिस्क घालायची नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. पॅनासोनिकचे DMR-ES10 आणि ES15 यासाठी प्रसिद्ध आहेत. मेनूत नॉइज रिडक्शन असेल तर बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात. एस-व्हिडिओ केबलसाठी मात्र जादा पैसे घालू नका; साध्या व्हीएचएस व्हीसीआरला ती पिनच नसते.

डीव्ही किंवा डिजिटल-8 कॅमेऱ्यातून

व्हीसीआरची एव्ही केबल कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यातून फायरवायरने संगणकात. आवाज आणि चित्र एकाच घड्याळावर चालतात, म्हणून सुटत नाहीत. फाइलही तासाला 13 जीबीची. अडचणी दोन. पाल डीव्हीमध्ये रंगाची माहिती आधीच निम्मी होते, त्यामुळे लाल शालूच्या कडा चौकोनी दिसतात. शिवाय कित्येक पाल कॅमेऱ्यांची एव्ही पिन फक्त सिग्नल बाहेर देते, आत घेत नाही. विकत घेण्याआधी मेनूत ‘A/V→DV OUT’ आहे का ते पाहा. फायरवायरची पिन यूएसबीत बसवून देणारे साधे अडॅप्टर चालत नाहीत, संगणकाला खरं फायरवायर कार्ड लागतं. कॅसेट मिनीडीव्हीची असेल तर मात्र प्रश्नच नाही, हीच वाट: ती नक्कल जशीच्या तशी उतरते.

व्हीएचएससाठी आमची निवड यूएसबी कॅप्चर आणि मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर. कॅमेरा आणि फायरवायर कार्ड घरात आधीच असेल तर तेही चालेल. एचडीएमआय डबी नको.

रेघा काढणं

मूळ फाइल रेघांसकट जपून ठेवा आणि पाहण्यासाठी वेगळी प्रत करा. खालच्या आज्ञा एफएफएमपेग या प्रोग्रॅमच्या आहेत. आधी कोणती फील्ड पहिली आहे ते शोधा:

```
ffmpeg -i lagna.avi -vf idet -frames:v 2000 -an -f null -
```

शेवटच्या ओळीत TFF चा आकडा मोठा असेल तर वरची फील्ड आधी. पालच्या यूएसबी कॅप्चरमध्ये बहुधा हेच निघतं, डीव्हीमध्ये BFF, म्हणजे खालची आधी. मग:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 17 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k lagna.mp4
```

फिल्टरांचा क्रम बदलू नका. आधी ताणून मग रेघा काढल्या, तर दात कायमचे चिकटतात. `send_field` मुळे प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते, सेकंदाला 50. `send_frame` ठेवलं तर 25 च राहतात आणि पडणाऱ्या अक्षतांचे निम्मे क्षण टाकून दिले जातात. parity चुकली तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरतात. तेव्हा `bff` करून बघा. 1080 पर्यंत मोठं करण्याचं कारण एवढंच की यूट्यूब 720 च्या खाली 50 फ्रेम दाखवत नाही.

आता पैठणीचा काठ बघा. जरीच्या आडव्या बारीक रेघा ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ने चमचम करतात, कारण प्रत्येक फील्डमध्ये काठाच्या अर्ध्याच ओळी असतात. ‘क्यूटीजीएमसी’ हे रेघा काढण्याचं दुसरं साधन मागच्या-पुढच्या फील्डमधून त्या ओळी भरून काढतं आणि काठ शांत होतो. ते एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथमधून चालतं. हायब्रिड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तयार मिळतं. मात्र ते कितीतरी हळू चालतं, आणि त्यात डीनॉइज वाढवलं तर तांदळाचे दाणे ते कचरा समजून पुसतं. म्हणून डीनॉइज बंद ठेवून अक्षतांची दोन मिनिटं आणि पैठणीच्या जवळच्या दृश्याची दोन मिनिटं दोन्ही पद्धतींनी काढून टीव्हीवर बघा. काठ चमकत नसेल, तर बीडब्ल्यूडीआयएफ पुरेसं आहे.

चित्राच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतील. व्हीसीआरचं एक हेड संपून दुसरं सुरू होतं, ती ही जागा. कापण्यापेक्षा काळी पट्टी टाका, म्हणजे 4:3 चं प्रमाण बिघडत नाही. आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी आहे. स्वच्छ केल्याशिवाय लावू नका, हेड चोंदतं आणि त्याच व्हीसीआरमधून बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते.