सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ दिसलं तर इसार देऊ नका

2016 साली 80 गुंठे शेतजमिनीचा व्यवहार झाला. मूळ मालक वारलेले, जमीन त्यांची स्वकष्टार्जित. वारस चार: विधवा पत्नी, तिच्या सासूबाई, 15 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. सातबाऱ्यावर दोन्ही मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद, म्हणजे मूल अज्ञान, 18 वर्षांखालचं, आणि पालनकर्ती आई. दलालाचं म्हणणं, पालनकर्ती म्हणून आईचं नाव सरकारी कागदावरच आहे, मुलांच्या वतीने तिची सही चालते. शिवाय ‘कोर्टाची ऑर्डर’ही आहे म्हणून त्याने शिक्क्याचा कागद दाखवला. 40 लाख मोजले गेले, दस्त नोंदला गेला, फेरफारही मंजूर झाला.

तो कोर्टाचा कागद म्हणजे वारसा प्रमाणपत्र होतं. मयताचे वारस कोण, एवढंच ते सांगतं. जमीन विकण्याची परवानगी त्यात नसते. फसवणूक नेमकी इथे झाली. खरेदीदाराने शिक्का पाहिला, आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचला नाही. कुणाला पालक नेमल्याचा आदेशही असाच दाखवला जातो, पण कोर्टाने नेमलेल्या पालकालाही विक्रीसाठी वेगळी परवानगी लागते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 (बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच लागू) याच्या कलम 8 प्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाला, आई-वडिलांनाही, कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. काका-आजोबांनी निव्वळ सांभाळ करतात म्हणून सही केली, तर तिला तेवढाही आधार नाही. ‘एकत्र कुटुंब आहे, कर्ता विकू शकतो’ हेही दलाल ऐकवतात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याचा नियम खरोखर वेगळा आहे, पण वडिलांची स्वतःची मिळकत वारसाने आली की प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असतो. या व्यवहारात प्रत्येकाचे 20 गुंठे. म्हणजे निम्मी जमीन अज्ञानांची होती.

परवानगीशिवाय झालेला दस्त आपोआप रद्द होत नाही, मूल सज्ञान झाल्यावर तो रद्द करवून घेऊ शकतं. म्हणूनच सुरुवातीची काही वर्षं सगळं सुरळीत वाटतं. मुलगी 2019 मध्ये 18 वर्षांची झाली. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. तिने 2021 मध्ये दावा लावला आणि तिच्या हिश्श्यापुरता दस्त रद्द झाला. आता तिचे 20 गुंठे नेमके कुठले, हे वाटप होईपर्यंत सांगता येत नाही, म्हणून खरेदीदाराची बोअर कुणाच्या वाट्याला जाईल तेही ठरलेलं नाही. मुलगा 2025 मध्ये सज्ञान झाला. त्याची मुदत 2028 पर्यंत आहे. खरेदीपासून बारा वर्षं टांगती तलवार! दस्तातला ‘मुलं सज्ञान झाल्यावर संमती देतील’ हा आईचा हमीचा मजकूर मुलांवर बंधनकारक नव्हता. त्यात ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, असा व्यवहार नाकारायला दरवेळी दावाच लागतो असं नाही. सज्ञान झालेल्याने मुदतीत तीच मिळकत दुसऱ्याला विकली तरी तो नकारच. त्यामुळे ‘दावा लागलेला नाही’ या शोधावर विसंबून जुनी जमीन घेणाराही अडकू शकतो.

खरी परवानगी कशी असते? मिळकत ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात पालक अर्ज करतो. गट नंबर, क्षेत्र, अज्ञानाचा हिस्सा, ठरलेली किंमत, विक्रीचं कारण आणि पैसे कुठे जाणार, हे सगळं त्यात लागतं. सोबत मृत्यूचा आणि जन्माचे दाखले, सातबारा, फेरफार, मूल्यांकन. ‘पैशांची गरज आहे’ एवढ्या वाक्यावर भागत नाही. मुलाची निकड किंवा त्याचा उघड फायदा दिसला तरच परवानगी मिळते, आणि ती निकड किंवा फायदा आदेशात लिहावा लागतो. मुलाच्या हिश्श्याची रक्कम कोर्टात भरावी किंवा तो 18 वर्षांचा होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, अशी अट कोर्ट घालू शकतं.

म्हणून खरेदीदाराने दलालाकडची झेरॉक्स घेऊ नये. आदेशाची प्रमाणित नक्कल कोर्टातून काढावी आणि प्रकरणाचा CNR नंबर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. गट नंबर, क्षेत्र, किंमत, मुदत आणि अटी आपल्या मसुद्याशी शब्दाशब्दाने जुळवाव्यात. मुलांच्या हिश्श्याचे पैसे (इथे ते 20 लाख होते) आईच्या बचत खात्यात न टाकता आदेशात सांगितलेल्या ठिकाणीच भरावेत आणि पावती दस्ताला जोडावी. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला म्हणजे विकण्याचा हक्क सिद्ध झाला असं होत नाही, फेरफारानेही नाही.

‘आधी रजिस्ट्री करू, परवानगी मागाहून आणू’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. कायद्यातला शब्द ‘पूर्वपरवानगी’ आहे. दस्तावरची तारीख आदेशाच्या तारखेनंतरचीच असली पाहिजे.