नळजोडणीच्या अर्जात १८,६४० रुपये कसे गेले

बेळगावच्या दक्षिणेकडील वाढीव वसाहतीत आम्ही गेल्या वर्षी घर बांधले. वास्तुशांतीच्या आधी पाणी यावे, एवढीच इच्छा होती. तिच्यापायी मी १८,६४० रुपये गमावले, आणि ज्या कागदाने ते गेले त्याच्याखाली सही माझीच आहे, हे लिहिताना हात थरथरतो.

पाणीपुरवठा कार्यालयात मी स्वतः मराठीत अर्ज लिहून नेला होता. खिडकीवरच्या कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला आणि कन्नडमध्ये छापील नमुन्यावर आणा, असे सांगितले. मी मराठी माध्यमात शिकलेला माणूस. बाजारात कन्नड बोलतो, पण वाचायला मला वेळ लागतो. दाराबाहेर टायपिंगच्या दुकानापाशी उभा असलेला इसम ते ऐकतच होता. "काका, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? मी रोज फायली करतो," असे तो म्हणाला आणि दोन दिवसांनी टंकलेला अर्ज घेऊन घरी आला. अर्ज आणि फाईल यांचे १,५००, रस्ताकटिंग व अनामत ९,८४०, मीटर व प्लंबरचे ७,३००, असा हिशेब त्याने वहीत मांडून दाखवला. मी ती सगळी रक्कम फोनवरून त्याच्या वैयक्तिक नावावर पाठवली.

तिथेच मला कळायला हवे होते. आमच्या दारापासून मुख्य जलवाहिनी किती लांब आहे, मधला रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा, हे बघायला तोवर एकही माणूस आलेला नव्हता. रस्ता फोडण्याचा आकार ठरतो तो लांबीवर आणि रस्त्याच्या प्रकारावर. मग मोजणीच न होता ९,८४० हा आकडा, तोही असा दहाच्या घरापर्यंत नेमका, आला कुठून? त्या नेमकेपणानेच मला फसवले, कारण गोल रकमेवर मी नक्की संशय घेतला असता. जागेची पाहणी होऊन कार्यालयाचे चलन हातात येईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका, आणि चलनाची रक्कमही कार्यालयाच्या खात्यातच भरा.

अर्जाच्या झेरॉक्सवर गोल शिक्का होता. त्यावर आवक क्रमांक नव्हता, तारीख नव्हती. दुसऱ्या प्रतीवर क्रमांक, तारीख आणि सही नसेल, तर तुमचा अर्ज आत गेलेलाच नाही असे समजा.

आठवड्याने रात्री साडेनऊला दोघे जण आले, खड्डा खणला, वाहिनीला सॅडल बसवून अर्धा इंची पाईप आत घेतला. शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा त्यांनी माझाच अर्ज दाखवला. तीन दिवस पाणी आले. चौथ्या दिवशी वॉल्वमनने ते पाहिले, जोडणी तोडली गेली आणि अनधिकृत नळजोडणीची नोटीस माझ्या नावावर आली. त्या संध्याकाळी भाचीने तो अर्ज मला वाचून दाखवला. विषयाच्या ओळीत नवीन जोडणीची मागणीच नव्हती. "जुन्या नळाच्या गळतीची दुरुस्ती करण्यास परवानगी" असे लिहिले होते. नवीन घराला जुना नळ कुठला? सही करण्याआधी मी तिला एक हाक मारली असती, तर हे सगळे टळले असते. कन्नड वाचता येत नसेल तर निदान विषयाची ओळ आणि मालमत्ता क्रमांक कोणाकडून तरी वाचून घ्या.

कार्यालयात गेलो तर "तो आमचा माणूस नाही" एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्याच दारात, त्यांच्याच नमुन्यांचा गठ्ठा घेऊन तो रोज उभा असतो, हे त्यांना दिसत नाही का? पोलीस ठाण्यात "पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, हा देण्याघेण्याचा वाद आहे," असे सांगून मला परत कार्यालयाकडे पाठवले. कार्यालय म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात कार्यालयाकडे जा, आणि नोटीस मात्र अचूक पत्त्यावर पोहोचते! पैसे फोनवरून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. मी अकरा दिवसांनी केली, तोवर रक्कम खात्यातून निघून गेली होती. मराठी अर्ज खिडकीवरूनच परत फिरतो म्हणून असल्या माणसांचे फावते. मी मूर्ख नाही, पस्तीस वर्षे दुकानाचे हिशेब लिहिले आहेत.

आता नवा अर्ज मी स्वतः दिला आहे. त्यात घराचा मालमत्ता क्रमांक, घरगुती वापर, अर्धा इंची जोडणी, मुख्य वाहिनीपासूनचे अंतर आठ मीटर आणि रस्ता काँक्रीटचा, हे स्पष्ट लिहिले. बांधकाम परवाना, खाते उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती जोडली. भाचीने प्रत्येक ओळ तपासली. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हललो नाही. त्याला सव्वीस दिवस झाले. मोजणीला अजून कोणी आलेले नाही, आणि दर चौथ्या दिवशी ६०० रुपयांचा टँकर दारात उभा राहतो.