तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम गळ्यात मारलं, वायरिंग करणार असाल तर वाचा

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. 19 वर्षं शाळेत गणित शिकवतोय. म्हणून तर जास्त राग येतो, कारण फसलो ते साध्या गुणाकार-भागाकारात.

सांगलीतलं घर वडिलांनी बांधलेलं, जुनं वायरिंग पार कडक झालेलं, 2024 च्या दिवाळीआधी सगळं नवीन करायचं ठरलं. वायरमननेच दुकान सुचवलं (त्याचं कमिशन किती ते आता विचारू नका, मलाही नंतरच कळलं). अडीच चौरस मिलिमीटर वायरची 4 बंडलं 1,950 प्रमाणे, दीडची 6 बंडलं 1,240 ने, एकची 3 बंडलं 840 ने, एकूण 17,760 रुपये. दुसरीकडे हाच माल 28,620 ला सांगितलेला. दुकानदार म्हणाला, "सर, ते जाहिरातीचे पैसे घेतात, तांबं तेच." आणि मी मान डोलावली. बंडलावर आयएसआय मार्क होता, वायरचं मानक आयएस 694 छापलेलं होतं, खाली लायसन्स नंबर होता, नाव एका नामांकित कंपनीसारखंच, एका अक्षराचा फरक. टोक सोलून दाखवलं तर आत लालभडक तारा, मी मोजल्यासुद्धा, 36 भरल्या. अडीचच्या वायरमध्ये 0.3 मिलिमीटरच्या 36 तारा असतात एवढं मी वाचून गेलो होतो. यापेक्षा गिऱ्हाइकाने अजून काय बघायचं?

वजन बघायचं. तेच बघितलं नाही.

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. दुकानातल्या पोऱ्याने अडीचची चारही बंडलं एका हाताच्या बोटांत अडकवली आणि शिट्टी वाजवत गाडीपर्यंत आणली. मी म्हटलं, "हलकी दिसतात रे." तर तो हसला, "नवीन टेक्नॉलॉजी सर." आणि मी पण हसलो!! अहो, अडीच चौरस मिलिमीटर आणि लांबी 90 मीटर म्हणजे 225 घन सेंटीमीटर धातू, तांब्याची घनता 8.9, म्हणजे नुसतं तांबंच दोन किलो. वरचं प्लास्टिक धरून बंडल तीन किलोच्या आसपास जायला हवं. माझं भरलं 1 किलो 650 ग्रॅम, पण हे मी किचनमधल्या काट्यावर केव्हा बघितलं, तर सगळं भिंतीत गेल्यावर उरलेल्या बंडलाचं. आठवीची पोरं करतील असं गणित आहे हे.

किमतीचंही तेच. तेव्हा तांबं किलोला साडेआठशेच्या आसपास होतं, दोन किलोचे झाले 1,700. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 2,006, आणि मला बंडल मिळालं 1,950 ला. म्हणजे प्लास्टिक, मजुरी, दुकानदाराचा नफा सगळं सोडा, कच्च्या तांब्यापेक्षा स्वस्त वायर! वायर घ्यायला जाताना त्या दिवसाचा तांब्याचा भाव मोबाईलवर बघून जा, त्याच्या खाली कोणी देत असेल तर तो तांबं देत नाहीये.

बरं, फुटलं कसं. पाच आठवड्यांनी एक दिवस सकाळी गिझर चालू असताना जळका वास यायला लागला, सॉकेटची प्लेट एका बाजूने तपकिरी होऊन वाकलेली. एमसीबी पडला नव्हता, पडणारही नाही, कारण करंट नेहमीचाच होता, तापत होता तो स्क्रूखालचा जॉइंट. दुसरा वायरमन बोलावला, त्याने स्क्रू ढिला केला तर निम्म्या तारा तुटून हातात आल्या. एक तार ब्लेडने खरवडली आणि मला दाखवली, वरून लाल, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. तो म्हणाला ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, जॉइंट सैल होतो, मग तापतो, तापला की अजून सैल. शिवाय तेवढ्याच जाडीत ते तांब्याएवढा करंट झेलतही नाही.

मग घरी गॅसवर खात्री केली. सोललेली एक तार चिमट्यात धरून ज्योतीवर धरायची (प्लास्टिक जाळू नका, धूर वाईट असतो). खरं तांबं लाल होतं आणि तसंच राहतं, माझी तार आक्रसली आणि गळून पडली. आणि हो, उलटी गल्लत करू नका, बाहेरून चंदेरी आणि आत लाल असेल तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते चांगलंच असतं. बंडलाच्या वजनात जाड प्लास्टिक घालून घोळ करता येतो, म्हणून मी एक मीटर सोलून सोनाराकडे नेली. अडीचची वायर मीटरला 22 ग्रॅम भरली पाहिजे, माझी भरली 8. सोनार म्हणाला, "सर, हे काय आणलंत?" काय सांगणार.

(भंगारातलं भेसळीचं तांबं असेल तर मात्र वजन बरोबर येतं, ज्योतीतही कळत नाही, ते फक्त रेझिस्टन्स मोजूनच सापडतं.)

आता तक्रारीचा तमाशा. दुकानदार: "आम्ही बनवत नाही, विकतो, बिल दाखवा." बिल म्हणजे चिटोऱ्यावर बेरीज. हो, जीएसटी वाचेल म्हणून मीच पक्कं बिल नको म्हटलं होतं, घ्या बोलून. पोलीस म्हणाले हे दिवाणी प्रकरण. एका हेल्पलाइनवर 40 मिनिटं थांबून तक्रार नोंदवली, नऊ दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली काढण्यात आली. कोणी काढली, कुठे काढली? एका सरकारी ऑफिसात साहेब जेवायला, दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी भेटले तर म्हणे लांबी कमी असेल तर आमच्याकडे या, धातू आमच्याकडे येत नाही. मी घरी येऊन एकचं न उघडलेलं बंडल अंगणात उलगडून टेपने मोजलं. 90 मीटर! पूर्ण! मेल्यांनी तेवढं मात्र प्रामाणिकपणे केलेलं. लायसन्स नंबर आयएसआय मार्क तपासायच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर तो भलत्याच कंपनीचा आणि पंपासाठीचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, दुकानात उभं राहूनच करायला हवं होतं. हा स्क्रीनशॉट घेऊन आणखी एका ऑफिसात गेलो, तिथे पण "बिल?" अरे बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, सरळ ग्राहक मंचात गेलो असतो.

वायर गेली 17,760 ची, ती काढून नवीन ओढायची मजुरी 14,500, सॉकेट 340. एकूण 32,600 पाण्यात, 10,860 वाचवायला गेलो होतो म्हणून. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

नवीन वायर घेताना पक्कं बिल घेतलं, त्यावर कंपनी, साईज, बंडलांची संख्या लिहून घेतली, आणि प्रत्येक बंडल काउंटरवरच्या काट्यावर ठेवायला लावलं. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

पुरावा म्हणून एक बंडल ठेवून बाकीची उपसलेली वायर पोत्यात भरून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पोतं नुसतं उचललं, सोललं नाही, खरवडलं नाही, परत खाली ठेवलं आणि म्हणाला, "सर, तांब्याचा भाव नाही मिळणार हां याला." 640 रुपये दिले.