डेली स्टँडअपची सुरुवात: नावं घेऊन, एकदाच सगळ्यांना, की एक छोटा प्रश्न?

स्टँडअप घेणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. थेट कामावर यावं तर रूक्ष वाटतं आणि प्रत्येकाची विचारपूस करावी तर वेळ हातातून जातो. स्क्रम गाइडने रोजच्या या बैठकीला १५ मिनिटांची मर्यादा घातली आहे, मात्र सुरुवात कशी करायची हे टीमवर सोडलं आहे. प्रत्यक्षात तीन पद्धती दिसतात. माझं मत आधीच सांगते: रोजच्यासाठी दुसरी, आठवड्यातून एकदा तिसरी, आणि पहिली फक्त एका विशिष्ट परिस्थितीत.

हिशोबासाठी नऊ जणांची टीम धरू. प्रत्येकाला सव्वा मिनिट दिलं तरी सव्वाअकरा मिनिटं जातात. उरतात पावणेचार. त्यातच माइक चालू करणं, एकाकडून दुसऱ्याकडे जाणं आणि मध्येच निघालेला एखादा अडथळा नोंदवणं हे सगळं बसवायचं असतं. नमस्काराला किती वेळ द्यायचा, ते या पावणेचार मिनिटांवरून ठरतं.

पहिली पद्धत प्रत्येकाचं नाव घेऊन नमस्कार करण्याची. आठ जणांना नावाने हाक मारून उत्तर ऐकायला प्रत्येकी आठ-दहा सेकंद लागतात, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण कुणीतरी "बरा आहे, जरा सर्दी झालीये" म्हणतं, दुसरा त्यावर औषध सुचवतो आणि आणखी एक मिनिट जातं. माणसं यात चुकत नाहीत. विचारलं तर ती उत्तर देणारच. शिवाय उशिरा येणाऱ्याला नव्याने नमस्कार करावा लागतो आणि बोलणाऱ्याचं वाक्य अर्धवट राहतं.

तरीही या पद्धतीचा एक खरा फायदा आहे. काही जण फक्त आवाजावर जोडलेले असतील, किंवा टीममध्ये दृष्टिहीन सहकारी असेल, तर नावं घेतल्यामुळे कोण हजर आहे हे सगळ्यांना कळतं. अशा टीमने नावं जरूर घ्यावीत, पण "कसा आहेस?" न विचारता हजेरीसारखी: नाव, "आहे", पुढचं नाव. नऊ जणांची हजेरी अर्ध्या मिनिटात होते.

दुसरी पद्धत म्हणजे सगळ्यांना मिळून एकच नमस्कार आणि त्याच दमात पहिलं काम. उदाहरणार्थ: "नमस्कार मंडळी, दहा वाजले. बोर्डवर सगळ्यात उजवीकडे रिफंडचं पान आहे, त्याचं टेस्टिंग कुठवर आलंय?" याला दहा सेकंदही लागत नाहीत. पण खरी मेख वेगापेक्षा वाक्याच्या रचनेत आहे. नमस्कारानंतर मोकळी जागाच उरत नाही आणि प्रश्न कुणासाठी आहे हेही स्पष्ट असतं, कारण ते काम कुणाकडे आहे हे बोर्डवर दिसतं. बोर्ड उजवीकडून वाचायचा, कारण तिकडची कामं पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ असतात आणि ती अडली तर आधी कळायला हवं.

याउलट "काय मंडळी, कसे आहात सगळे?" एवढंच म्हणून थांबलात, तर काय होतं ते ऑनलाइन कॉलवर रोज दिसतं. आधी शांतता, मग दोघे एकदम बोलतात, दोघेही "तू बोल, तू बोल" म्हणून थांबतात, आणि पुन्हा शांतता. सगळ्यांना मिळून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं कुणाचंच काम नसतं. म्हणून सामूहिक नमस्काराला प्रश्न जोडायचा नाही. प्रश्न विचारायचा तो एका कामाबद्दल. टीम वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असेल तर "गुड मॉर्निंग"ऐवजी "नमस्कार" बरा, नाहीतर "आमच्याकडे संध्याकाळ झाली" हे रोज ऐकावं लागतं.

मात्र ही पद्धत चालायला तयारी लागते. कॉल वेळेआधी पाच मिनिटं उघडा, बोर्ड आधीच शेअर करून ठेवा आणि "आवाज येतोय का?" हे तेव्हाच उरकून घ्या. गप्पांनाही तीच जागा द्या. ज्याला गप्पा मारायच्या असतात तो लवकर येतो, ज्याला नसतात तो ठोक्याला येतो, आणि दोघांचीही कुचंबणा होत नाही. आपुलकी कमी करायची नाही, तिला घड्याळाबाहेर जागा द्यायची, एवढाच यामागचा विचार आहे.

उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका, हे मी ठामपणे सांगेन. सात जण वेळेवर आले आणि दोघांसाठी तीन मिनिटं थांबले, तर एकवीस माणूस-मिनिटं गेली. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वेळेवर येणारे शिकतात की तीन मिनिटं उशीर चालतो, आणि महिन्याभरात दहाची बैठक आपोआप दहा वाजून तीन मिनिटांची होते. उशिरा आलेल्याला मानेने दाद द्या किंवा चॅटमध्ये "आत्ता रिफंडच्या पानावर आहोत" एवढं लिहा. त्यालाही माफी मागत बोलणं तोडावं लागत नाही.

तिसरी पद्धत आहे एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न. "वीकेंड कसा गेला?" हा तसा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर ही एक गोष्ट असते. "आज नवीन कामासाठी डोक्यात जागा किती: भरपूर, थोडी, की नाही?" हा चालतो. नऊ जणांची उत्तरं मिनिटभरात होतात, आणि कुणी "नाही" म्हटलं तर आज त्याच्याकडे नवीन काम सरकवायचं नाही हे लगेच कळतं. एकमेकांना न भेटलेली नवी टीम असेल तर पहिले काही आठवडे हे रोज करावं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडचणही लवकर सांगतो. टीम रुळल्यावर मात्र रोजचा प्रश्न यांत्रिक होतो. सगळे एकच उत्तर द्यायला लागले की ते ओळखावं, आणि प्रश्न फक्त सोमवारपुरता ठेवावा.

तुमच्या टीमला कोणती पद्धत लागू पडते हे बघायचं असेल, तर आठवडाभर एकच गोष्ट टिपा: कामाबद्दलचं पहिलं वाक्य कितव्या मिनिटाला आलं. पहिल्या मिनिटात येत असेल तर काहीच बदलू नका, नमस्कार कसाही असो. तिसऱ्या मिनिटानंतर येत असेल आणि शेवटच्या दोघांना घाईत बोलावं लागत असेल, तर त्यांचा वेळ सुरुवातीलाच खर्च होतोय.

एका गोष्टीसाठी मात्र वेळेकडे बघू नका. कुणी आजारपणातून किंवा घरातल्या दुःखद प्रसंगानंतर परत आलं असेल, तर बैठकीआधी त्याच्याशी वेगळं बोला आणि सगळ्यांसमोर उल्लेख चालेल का ते विचारून घ्या. चालणार असेल तर नमस्कारातच एक वाक्य पुरे: "आज परत आलास, बरं वाटलं." तपशील विचारायचा नाही.

आणि पद्धत बदलणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. रोज विचारपूस करणारा माणूस एके दिवशी थेट तिकिटावर आला, तर टीमला वाटतं काहीतरी बिनसलंय. "उद्यापासून कॉल पाच मिनिटं आधी उघडा असेल, गप्पा तिथे मारू, दहाला थेट बोर्डवर" एवढं चॅटमध्ये टाकलं की पुरतं.